रूममेट गेला पण त्याचा फोन अजून आमच्याच वाय-फायवर, पासवर्ड बदलून झाला तरी

भाडेकरू_३०२ · शनिवार, रात्री ११:४०

मंडळी मदत हवीय. आम्ही चौघं कर्वेनगरला टू बीएचकेमध्ये राहायचो, त्यातला एकजण मागच्या महिन्यात बाहेर पडला. भांडण वगैरे काही नाही, त्याला ऑफिसातल्या मित्राबरोबर रूम मिळाली आणि ती पण कुठे तर आमच्याच सोसायटीत, समोरच्या बी विंगला. म्हणजे आमच्या गॅलरीतून त्याची खिडकी दिसते, सकाळी ब्रश करता करता हात करतो तो.

आता मुद्दा. गेले पंधरा दिवस रात्री दहानंतर नेट रांगायला लागलं. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, इतके दिवस कधी त्रास नव्हता. शेवटी ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून राउटरचं पान उघडलं, तिथे कनेक्टेड डिव्हाइसची यादी होती त्यात नऊ जण दिसले. आम्ही तिघं, तीन फोन तीन लॅपटॉप एक टीव्ही, झाले सात. उरलेल्या दोनमध्ये एक नाव सरळसरळ त्याच्या फोनच्या मॉडेलचं, आणि दुसरं ESP_4F21A0 असलं काहीतरी अगम्य.

मी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. आम्हा तिघांचे फोन-लॅपटॉप धडाधड सुटले, नवीन पासवर्ड टाकून परत आले. म्हटलं झालं काम. दुसऱ्या रात्री परत यादी बघतो तर त्याचा फोन आहे तिथेच! आणि ते ESP पण. आता हा मेकॅनिकलवाला माणूस, हॅकिंग वगैरे त्याच्याच्याने होणार नाही हे मी छातीठोक सांगतो. मग हे होतंय कसं? आणि त्याला न दुखावता बंद कसं करायचं? चांगला मित्र आहे, गेल्या रविवारी पण जेवायला होता आमच्याकडे.

आयटीतला_बाळ्या · शनिवार, रात्री ११:५२

एवढं काय त्यात. त्याच यादीत प्रत्येक डिव्हाइससमोर मॅक ॲड्रेस दिसतो, तो उचल आणि मॅक फिल्टरमध्ये ब्लॉक कर. आणि नाव पण लपवून ठेव, हाइड एसएसआयडी असतं बघ, मग त्याला तुमचं वाय-फाय दिसणारच नाही. पाच मिनिटांत विषय संपला.

सुगरण_नाही_मी · रविवार, सकाळी ७:१५

आमच्याकडे पण सेम प्रॉब्लेम होता, बेडरूममध्ये रेंजच येत नव्हती. आम्ही तो प्लगमध्ये लावायचा छोटा रिपीटर आणला साधारण दीड हजाराचा, तेव्हापासून मस्त चालतंय. तुम्ही पण एकदा लावून बघा, रात्री स्लो होणार नाही.

भाडेकरू_३०२ · रविवार, सकाळी ९:०५

ताई, रेंजचा प्रॉब्लेम नाहीये, उलट रेंज जास्तच लांब जातेय :) समोरच्या विंगपर्यंत.

बाळ्या, मॅक ब्लॉक करतो, पण पासवर्ड बदलूनही तो आला कसा हे आधी कळायला हवं ना.

फायबरवाला_नाना · रविवार, सकाळी ९:३०

एक विचारतो. फोनवर वाय-फायची यादी उघडली की तुमच्या घरची नावं किती दिसतात? एक की दोन?

भाडेकरू_३०२ · रविवार, सकाळी ९:३४

दोन नाना. 302_Boys आणि 302_Boys_5G. आम्ही सगळे ५जी वालंच वापरतो म्हणून मी त्याचाच पासवर्ड बदलला.

फायबरवाला_नाना · रविवार, सकाळी ९:५०

बस, सापडलं. हॅकिंग बिकिंग काही नाही.

मी पिंपरी-चिंचवडकडे आठ वर्षं हेच काम करतो, फायबर ओढायचं, राउटर लावायचा, आणि मग लोकांचे फोन घ्यायचे. दर महिन्याला एकतरी घर असं असतंच. तुमच्या एका डब्यात दोन वेगवेगळे रेडिओ आहेत, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि एक ५ गिगाहर्ट्झचा. त्या नावातल्या 5G चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही हे आधी डोक्यातून काढा. बऱ्याच राउटरमध्ये या दोन्हींची पानं वेगळी असतात आणि पासवर्ड पण वेगळा साठवतात. तुम्ही एका दाराचं कुलूप बदललं, दुसऱ्याची जुनी किल्ली त्याच्या खिशात आहेच.

आणि गंमत बघा, तुम्ही बदललं ते नेमकं त्याच्या कामाचं नव्हतंच. ५ गिगाहर्ट्झ वेगाला भारी पण भिंती ओलांडताना दमतं, दोन भिंती गेल्या की काही उरत नाही. समोरच्या विंगपर्यंत पोचतं ते २.४. म्हणजे तो बी विंगला गेल्या दिवसापासून २.४ वरच असणार. तेही मुद्दाम नसेल. फोनला जुनं नाव दिसलं, पासवर्ड आधीच लक्षात आहे, तो आपला आपण जोडला जातो. त्याला कदाचित पत्ताही नसेल की तो तुमचं नेट खातोय.

आता ते ESP. तो माणूस नाही, तो बल्ब नाहीतर प्लग असणार. स्वस्तातल्या स्मार्ट बल्बांत त्या नावाची चिप असते आणि राउटरला तेच नाव दिसतं. घरात शोधा.

भाडेकरू_३०२ · रविवार, सकाळी ९:५८

अरे देवा. गॅलरीतला रंग बदलणारा बल्ब! तो पण त्यानेच लावला होता दिवाळीत. नाना तुम्ही देवमाणूस आहात. आत्ता घराबाहेर आहे, संध्याकाळी जाऊन दुसरा पण बदलतो.

आयटीतला_बाळ्या · रविवार, सकाळी १०:२०

ते ठीक आहे पण मॅक फिल्टर लावला असता तर दोन्हीकडून एकदमच गेला असता. माझ्या घरी शेजारच्या पोराला मी असंच ब्लॉक केलंय, दोन वर्षं झाली.

फायबरवाला_नाना · रविवार, सकाळी १०:४१

बाळ्याशेठ, पूर्वी चालायचं ते. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनला आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक देतच नाही, प्रत्येक वाय-फायसाठी एक बनावट तयार करून तो देतो. तुम्ही तो ब्लॉक केलात आणि समोरच्याने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन रँडमचं डिव्हाइस मॅक केलं, की तो राउटरच्या दृष्टीने नवा माणूस. आणि त्याचा लॅपटॉप, टॅब वेगळेच. तुमच्या शेजारच्या पोराने दोन वर्षांत प्रयत्नच केला नसेल, किंवा त्याने स्वतःचं नेट घेतलं असेल.

नाव लपवायचं म्हणाल तर जुन्या माणसाच्या फोनमध्ये नाव आणि पासवर्ड दोन्ही साठवलेलं आहे, त्याला लपवून काय उपयोग. उलट घरी पाहुणे आले की तुम्हालाच स्पेलिंग सांगत बसावं लागेल.

आयटीतला_बाळ्या · रविवार, सकाळी १०:४५

हम्म. रँडमचं माहीत होतं पण ते टॉगल एवढं सोपं आहे हे नव्हतं. तरी माझं मत आहे की आळशी माणसासाठी ब्लॉक पुरतं.

कोथरूडची_मावशी · रविवार, दुपारी १:१०

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे घरमालकीण. तीन खोल्या मुलींना देते, कनेक्शन माझ्या नावावर आहे. सुरुवातीला मी पण एकच पासवर्ड वर्षानुवर्षं चालवला. मग एकदा मोजायला बसले, तर गेलेल्या मुली अकरा, त्यांचे मित्र-मैत्रिणी, भाऊ, दोन प्लंबर, आणि एक फ्रिजवाला. सगळ्यांना माहीत. आता माझा नियम साधा आहे, खोली सोडताना किल्ली परत, डिपॉझिट परत आणि त्याच संध्याकाळी वाय-फायचा पासवर्ड नवा. सगळ्या मुलींना आधीच सांगून ठेवते त्यामुळे कुणाला लागत नाही. एकटीसाठी बदललं की तिला वाटतं आपल्यावर संशय. प्रत्येकीच्या वेळी होतं हे माहीत असलं की तो प्रश्नच येत नाही.

भाडेकरू_३०२ · सोमवार, रात्री १०:१५

अपडेट, आणि जरा रडगाणं.

काल संध्याकाळी मी घरी पोचेपर्यंत आमच्या दुसऱ्या रूममेटने पराक्रम करून ठेवला होता. त्याने धागा अर्धाच वाचला आणि त्याला वाटलं रीसेट केलं की सगळे जुने लोक आपोआप उडतील. सिम काढायची पिन घेऊन राउटरच्या मागचं ते बारीक भोक दहा सेकंद दाबून धरलं. सगळे उडाले खरे, पण आम्ही पण उडालो. नेटच बंद. वाय-फाय दिसतंय, जोडलं पण जातंय, पण खाली नो इंटरनेट. राउटरवर पॉवरचा दिवा आहे, पीओएनचा स्थिर हिरवा आहे, इंटरनेटचा दिवा मात्र गुल.

कस्टमर केअरला कॉल केला तर उद्या माणूस येईल. तो आज दुपारी आला, मी सुट्टी काढून घरी. त्याने लॅपटॉप जोडून काहीतरी भरलं, तीनशे रुपये घेतले आणि जाताना म्हणाला, साहेब ते भोक आमच्यासाठी असतं.

फायबरवाला_नाना · सोमवार, रात्री १०:३८

अरारा. सांगायला पाहिजे होतं मी काल, चुकलंच.

बाकीच्यांनी पण ऐका. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये तुमचं वाय-फायचं नाव-पासवर्ड असतो तसाच कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचा युजरनेम-पासवर्ड आणि लाइनची सेटिंग पण आतच भरलेली असते. रीसेटने दोन्ही पुसलं जातं. काही कंपन्यांचा राउटर पुसला गेला तरी मागून ती सेटिंग परत ढकलतात आणि दहा मिनिटांत नेट येतं, काहींचं तसं नसतं, तिथे माणूसच लागतो. तुमच्याकडे दुसरा प्रकार. पीओएन स्थिर हिरवा म्हणजे फायबर शाबूत आहे, फक्त लॉगिन होत नाहीये. तिथे एलओएसचा लाल दिवा लागला असता तर गोष्ट वेगळी, ती वायर तुटल्याची खूण.

आणि एक महत्त्वाचं. रीसेटनंतर वाय-फायचा पासवर्ड परत तोच होतो जो राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलाय. राउटर घरात लागला तेव्हा कनेक्शन कोणी घेतलं होतं? त्या स्टिकरचा फोटो कोणाकडे आहे?

भाडेकरू_३०२ · सोमवार, रात्री १०:४४

त्यानेच घेतलं होतं. स्टिकरचा फोटो त्यानेच ग्रुपवर टाकला होता पहिल्या दिवशी. म्हणजे रीसेट करून आम्ही परत त्याच्याच पासवर्डवर आलो होतो का?? हसावं का रडावं.

असो, आज संध्याकाळी मी नीट बसून दोन्ही बदललं. आधी ५ गिगाहर्ट्झचं पान, अप्लाय, फोन सुटला, नवीन पासवर्डने परत जोडला, मग २.४ चं पान, अप्लाय. राउटरच्या पानाचा ॲडमिनचा पासवर्ड पण बदलला, तोही स्टिकरवरच होता म्हणून.

फायबरवाला_नाना · सोमवार, रात्री १०:५०

ॲडमिनचा बदललात ते फार बरं केलंत. नवा कागदावर लिहून राउटरच्या खालीच चिकटवा, विसरलात तर परत तेच भोक.

पुढच्या वेळी लॅन केबल असेल तर लॅपटॉपला लावून करा. वाय-फायवर बसून वाय-फायच बदललं की मधेच आपणच सुटतो, आणि कधी कधी कळत नाही की सेव्ह झालं की नाही.

गुळाचा_चहा · मंगळवार, सकाळी ८:२०

पासवर्ड काय ठेवायचा हा वेगळाच छळ आहे. आमच्याकडे एकाने मोठी-लहान अक्षरं, स्टार, ॲट, डॉलर सगळं कोंबून ठेवला, आणि मग टीव्हीच्या रिमोटने तो टाकताना सगळ्यांनी त्याचा उद्धार केला. मी एकदा देवनागरीत ठेवायला गेलो "वरणभात" असा, राउटरने घेतलाच नाही.

फायबरवाला_नाना · मंगळवार, सकाळी ८:४५

देवनागरी नाही चालणार, इंग्रजी कीबोर्डवरची साधी अक्षरं-आकडे-चिन्हंच, किमान ८ आणि जास्तीत जास्त ६३. वरणभात रोमनमध्ये लिहिला तरी कोणीही ओळखेल. पण एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, सगळे लहान लिपीत, उदाहरणार्थ असं

```
bhendirickshawchappalghadyal
```

हा जसाच्या तसा कोणी ठेवू नका, आता सगळ्यांना माहीत झालाय. लांब आहे म्हणून मजबूत, आणि एकही शिफ्ट दाबावी लागत नाही म्हणून रिमोटवर त्रास कमी. आकडे घातले तर शून्य आणि ओ, एक आणि एल यांच्या नादी लागू नका, पाहुण्यांना सांगताना तिथेच घोळ होतो.

सुगरण_नाही_मी · मंगळवार, सकाळी ११:३०

मी काल हे सगळं वाचून आमचा पण बदलला, कारण आमची पेइंग गेस्ट मार्चमध्येच गेलीय. आता बेडरूमचा रिपीटर लाल झालाय आणि फोन त्याला जोडला जातोय पण नेट नाही. शिवाय फोनने जुन्याच पासवर्डने जोडून घेतलं, हे कसं काय?

फायबरवाला_नाना · मंगळवार, दुपारी १२:०५

ताई, रिपीटरचं नाव वेगळं आहे ना, शेवटी EXT वगैरे? त्याचा पासवर्ड त्याच्या स्वतःच्या पोटात आहे, म्हणून जुना चालला. आणि तो मुख्य राउटरला जुन्या पासवर्डने हाक मारतोय, तिथे उत्तर मिळत नाही म्हणून लाल. आत्ता नेट नाही ते एका अर्थी बरंय, नाहीतर तुमची पेइंग गेस्ट तिथून आली असती. त्याच्या ॲपमध्ये जाऊन मुख्य राउटर परत निवडा, नवा पासवर्ड द्या, आणि रिपीटरचा स्वतःचा पण बदला. रिपीटरचं भोक दाबायला हरकत नाही हां, तिथे कंपनीचं काही भरलेलं नसतं.

भाडेकरू_३०२ · मंगळवार, रात्री ११:५५

मंडळी, तो परत आलाय.

सोमवारी रात्री यादीत नव्हता. आज सकाळी नव्हता. आत्ता बघतो तर आहे. दोन्ही पासवर्ड नवे आहेत, मी स्वतः जुना टाकून तपासलं, दोन्ही नावांवर नाही म्हणतंय. गेस्ट नेटवर्क बंद आहे. आता काय?

आयटीतला_बाळ्या · बुधवार, रात्री १२:०३

डब्ल्यूपीएस चालू असेल. ते बटण दाबलं की दोन मिनिटं पासवर्डशिवाय कोणीही जोडू शकतो. बंद कर ते.

फायबरवाला_नाना · बुधवार, सकाळी ७:४०

बंद करा, ठेवण्यात तसाही काही फायदा नाही. पण बटण दाबायला माणूस तुमच्या घरात यायला हवा. तो आला होता का? की तुम्ही नवीन पासवर्ड कोणाला कसा दिलात ते आधी सांगा. ९९ टक्के चोर तिथेच सापडतो.

भाडेकरू_३०२ · बुधवार, सकाळी ८:१०

मी व्हॉट्सॲपच्या आमच्या ग्रुपवर टाकला. "३०२ चे नवाब".

थांबा.

भाडेकरू_३०२ · बुधवार, सकाळी ८:१४

तो अजून ग्रुपमध्ये आहे. आणि त्याने माझ्या मेसेजला अंगठा पण दिलाय. मी आज बघितला तो अंगठा.

गुळाचा_चहा · बुधवार, सकाळी ८:१६

ऑफिसच्या बसमध्ये मोठ्याने हसलो, लोक बघतायत.

मनवा_पु · बुधवार, सकाळी ९:००

त्याच्या बाजूने बघा ना जरा. ग्रुपवर पासवर्ड आला, त्याला वाटलं आपल्यालाही दिलाय. तुम्ही त्याला आजवर एका शब्दाने सांगितलं नाहीये की बाबा आता वापरू नको. मला तर वाटतं तोच गोंधळला असेल की हे सारखा पासवर्ड का बदलतायत.

आणि ग्रुप सोडून नुसता तोंडी सांगितला तरी लांब जातोच. आमच्याकडे अँड्रॉइडवर वाय-फाय शेअर केलं की क्यूआर येतो आणि बऱ्याच फोनमध्ये त्याच्या खालीच पासवर्ड सरळ लिहिलेला असतो. एका मुलीने तो स्क्रीनशॉट काढून तिच्या बहिणीला पाठवला, बहिणीने तिच्या मैत्रिणीला. त्यामुळे ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून पुढे जातो हे गृहीत धरायचं आणि कोणी गेलं की बदलायचं, दुसरा इलाज नाही.

कोल्हापूरचा_पाहुणा · बुधवार, दुपारी २:२५

मी तो "गेलेला रूममेट" आहे, म्हणजे तुमचा नाही, दुसऱ्या फ्लॅटचा. एक विचारू का, कोणी बोललंच नाही. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?

माझ्या नावावर होतं. आधार माझं, मोबाइल नंबर माझा, राउटरचं डिपॉझिट पण मीच भरलेलं. मी पुणे सोडून परत गावी आलो, मागचे तिघं म्हणाले राहू दे रे, आम्ही पैसे भरतो. भरत पण होते. पण दर वेळी रिचार्जचा ओटीपी मला, नेट बंद पडलं की तक्रारीचा मेसेज मला, रात्री साडेअकराला फोन, "भावा ओटीपी आलाय का बघ." वर्षभर चाललं. आणि जे लोक तिथे राहायचे त्यातले दोन तर मी कधी बघितले पण नव्हते.

फायबरवाला_नाना · बुधवार, दुपारी ३:१०

हा खरा मुद्दा, मी त्यावर येणारच होतो. वाय-फायचा पासवर्ड हा सगळ्यात बाहेरचा दरवाजा. आत राउटरचा ॲडमिन, तो बदलला. पण त्याच्याही आत कंपनीचं खातं आहे, आणि ते रजिस्टर मोबाइल नंबरवर चालतं. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमधून घरी नसताना पण वाय-फायचं नाव-पासवर्ड बदलता येतो, काहींत तर चालू पासवर्ड डोळ्याच्या चिन्हावर टॅप केलं की दिसतो. म्हणजे ३०२ वाल्यांनो, तुम्ही कितीही वेळा बदला, त्याने मनात आणलं तर बी विंगमध्ये बसून बघू शकतो. तो तसं करेल असं मी म्हणत नाही.

आणि उलटं पण आहे. उद्या त्या लाइनवरून कोणी काही उद्योग केला तर पोलीस आधी येतात ते ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या दारात. तेव्हा नाव बदलून घेणं त्याच्याही फायद्याचं आहे. त्याला सांगायला हे निमित्त चांगलंय, पासवर्डचा विषय काढायलाच नको.

भाडेकरू_३०२ · बुधवार, संध्याकाळी ७:३०

कनेक्शन त्याच्याच नावावर आहे. सहा महिन्यांचे पैसे पण आगाऊ भरलेत, चौघांत मिळून. दोन महिने झाले होते तेव्हा तो गेला. त्याने पैशांचा विषय काढला नाही, म्हणून आम्हीपण काढला नाही. आता मनवाचं वाचून वाटायला लागलंय की तो पैसे भरलेत म्हणून हक्काने वापरत असेल?

मनवा_पु · बुधवार, संध्याकाळी ७:४२

किती भरले होते?

भाडेकरू_३०२ · बुधवार, संध्याकाळी ७:४५

महिना ६९९ अधिक जीएसटी.

मनवा_पु · बुधवार, संध्याकाळी ८:०५

६९९ गुणिले सहा म्हणजे ४,१९४, त्यावर १८ टक्के, झाले ४,९४९ च्या आसपास. चौघांत भागले तर प्रत्येकी १,२३७. तो दोन महिने राहिला, त्याचे साधारण ४१२ वापरून झाले. म्हणजे ८२५ रुपये त्याचे तुमच्याकडे आहेत. शिवाय राउटरचं डिपॉझिट असेल तर ते वेगळं. मग तो उरलेले चार महिने वापरत असेल तर चोर कोण, तो की तुम्ही?

आयटीतला_बाळ्या · बुधवार, संध्याकाळी ८:२०

असं कसं, रूम सोडली की हक्क संपला. त्याने जाताना मागायचे होते पैसे. नवीन माणूस येईल तो भरेल त्याचा वाटा.

कोथरूडची_मावशी · बुधवार, रात्री ९:००

मागायचे नसतात बाळा, द्यायचे असतात. लाइट बिलाचं मीटर बघून हिशेब करता ना, मग नेटचा का नाही. नवीन मुलगा कधी येणार ते येणार, तोवर तिघांनी वाटून द्या, नंतर त्याच्याकडून घ्या.

आयटीतला_बाळ्या · बुधवार, रात्री ९:१२

मावशी, तरी मला पटलेलं नाही. जिमची फी अर्धवट सोडली तर परत मिळते का?

कोल्हापूरचा_पाहुणा · बुधवार, रात्री ९:३०

जिमची नाही मिळत पण जिमवाला तुझा मित्र नसतो.

नाव बदलायचं माझ्याकडे असं झालं. कंपनी म्हणाली नाव ट्रान्सफर होईल पण दोघांचीही केवायसी लागेल, आणि चालू नंबरवर ओटीपी येईल तो मी सांगायचा. तुमच्या कंपनीचं वेगळं असू शकतं, काही ठिकाणी म्हणे जुनं बंद करून नवीनच घ्यायला लावतात, आणि मग आगाऊ भरलेल्या पैशांचं काय हे आधी लेखी विचारून घ्या. माझे त्यात दीड महिन्याचे गेले.

भाडेकरू_३०२ · शुक्रवार, रात्री ११:२०

शेवटी काल त्याच्याकडे गेलो, चहा घेतला, सरळ सांगून टाकलं. तर तो म्हणतो अरे मला वाटलं तुम्हीच मला ठेवलंय, नाहीतर ग्रुपवर पासवर्ड कशाला टाकला असता. आणि रात्री दहानंतर स्लो का, तर साहेब नवीन रूमवर नेट घ्यायचंच टाळत होते आणि रूमपार्टनरलाही हॉटस्पॉट देऊन दोघं मिळून क्रिकेट बघत होते. म्हणजे यादीत एक दिसत होता तरी वापरणारे दोन.

पैसे देऊ केले, आधी नको नको म्हणाला, मग घेतले. ८२५.

बल्ब मात्र गेला. पासवर्ड बदलल्यापासून मेलाय, आणि तो त्याच्याच फोनमधल्या ॲपवर रजिस्टर आहे. त्याने तिथून काढून टाकला, मग आम्ही बटण पाचवेळा चालू-बंद केलं की तो भराभर लुकलुकतो, तेव्हा नवीन जोडायचा असं काहीतरी आहे. लुकलुकतो, पण जोडला जात नाही.

फायबरवाला_नाना · शनिवार, सकाळी ७:५०

फोन ५ गिगाहर्ट्झवर असेल. असल्या बल्बांना फक्त २.४ कळतं. फोन आधी 302_Boys ला जोडा, मग करा. आणि सिक्युरिटीत डब्ल्यूपीए३ निवडलंय का बघा, निवडलं असेल तर डब्ल्यूपीए२ करा, जुन्या वस्तू ३ ला घाबरतात.

नावाचं काय झालं?

भाडेकरू_३०२ · शनिवार, सकाळी १०:३०

बल्ब लागला! डब्ल्यूपीए३ च होतं, मीच हौसेने केलेलं.

नावाचं अजून व्हायचंय. कंपनीवाले एकदा म्हणतात ऑनलाइन होईल, एकदा म्हणतात ऑफिसला या, आणि आमच्यातलं कोण नावावर घेणार यावरच घरात एकमत नाही कारण दोघांचा करार डिसेंबरला संपतोय. तोवर तो म्हणाला त्याच्या फोनमधल्या कंपनीच्या ॲपमधून लॉगआउट करतो. केलंय का ते मला कळायचा मार्ग नाही, ओटीपी तर त्यालाच येणार. ते राहू दे.

उद्या मॅच आहे आणि तो इकडेच येणार आहे बघायला. आल्या आल्या वाय-फाय मागणार. गेस्ट नेटवर्क चालू करून ठेवलंय, पासवर्ड वेगळा, आणि या वेळी ग्रुपवर टाकलेला नाही.

गुळाचा_चहा · शनिवार, सकाळी १०:४१

मॅच संपली की बंद करायला विसरू नका.